एकतर्फी व्हिडिओ मुलाखत: चेहऱ्याआधी शब्दांची तयारी

प्रश्न: पाच दिवसांत एका कंपनीची रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत द्यायची आहे. पलीकडे कोणी नसतं. प्रश्न स्क्रीनवर येतो, ३० सेकंद विचार करायला आणि २ मिनिटं उत्तराला. मेलमध्ये लिहिलंय की उत्तरांना सॉफ्टवेअर गुण देईल. मुलाखत इंग्रजीत आहे. सगळे सांगतात हसत राहा, कॅमेऱ्यात बघ, जाहिरातीतले शब्द पेरत जा. मी रोज आरशासमोर सराव करतेय. याचा उपयोग होईल का? नेमकी कशाची तयारी करू?

उत्तर:

आरशासमोरचा सराव आज थांबवलात तरी चालेल. तो वेळ रेकॉर्डिंग करण्यात आणि त्याहून जास्त, ते रेकॉर्डिंग लिखित स्वरूपात वाचण्यात घाला. अशा बहुतेक यंत्रणांमध्ये तुमच्या व्हिडिओतला आवाज आधी शब्दांत उतरवला जातो आणि गुण मुख्यतः त्या उतरवलेल्या मजकुराला मिळतात. त्यामुळे उत्तर चांगलं आहे का हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की तुम्ही जे बोललात तेच त्या मजकुरात उतरलं का.

सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नसते, हे आधीच सांगतो. काही ठिकाणी सॉफ्टवेअर फक्त रेकॉर्ड करतं आणि गुण माणसंच देतात. काही ठिकाणी फक्त मजकुराचं मूल्यमापन होतं. काही ठिकाणी बोलण्याचा वेग, विराम, आवाजाची पट्टी हेही मोजतात. चेहरा मोजणाऱ्या यंत्रणाही आहेत. तुमच्या बाबतीत काय आहे हे अंदाजाने ठरवू नका. आमंत्रणाच्या मेलमधल्या दुव्यावर संमतीचं पान असतं आणि त्याखाली गोपनीयतेची माहिती. कंटाळवाणं असलं तरी ते पूर्ण वाचा. उत्तरांचा ट्रान्सक्रिप्ट म्हणजे शब्दांत उतरवलेला मजकूर काढला जातो का, आवाजाचे गुणधर्म तपासतात का, चेहऱ्याच्या हालचालींचा उल्लेख आहे का, अंतिम निर्णय माणूस घेतो का, एवढ्या चार गोष्टी त्यात शोधा. सापडल्या नाहीत, तर मेल पाठवणाऱ्याला हेच चार प्रश्न सरळ विचारा. असं विचारल्याने उमेदवारी बिघडत नाही.

चेहऱ्याबद्दलचा सल्ला अजून फिरतो, कारण एके काळी तो खरा होता. या क्षेत्रातली मोठी कंपनी हायरव्ह्यू चेहऱ्याच्या हालचालींचंही विश्लेषण करायची. २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जाहीर केलं. भाषेच्या विश्लेषणातून जे कळतं त्यात चेहऱ्यामुळे फारशी भर पडत नाही, असं कारण तिने दिलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची चाचणी घेतली. चष्मा लावल्यावर, डोक्याला रुमाल बांधल्यावर, मागे पुस्तकांचं कपाट दाखवल्यावर त्या सॉफ्टवेअरने व्यक्तिमत्त्वाचे आकडे बदलून दिले. म्हणजे जिथे चित्र मोजलं जातं, तिथेही हसण्याच्या सरावाने नेमका काय फरक पडेल हे कोणी सांगू शकत नाही. मागे साधी भिंत आणि समोरून उजेड ठेवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. तुमचा व्हिडिओ पुढे एखादा माणूस पाहण्याची शक्यता असते, त्याच्यासाठी एवढं पुरे आहे.

गुण कशाला मिळतात

कामाला लागणारी कौशल्यं आधी ठरवली जातात, उदाहरणार्थ सहकार्य, ग्राहकाची समज, अडचण सोडवणं. प्रत्येक कौशल्यासाठी एक मोजपट्टी असते आणि तिच्यावर खालच्या, मधल्या आणि वरच्या पायरीचं उत्तर कसं असतं याचं वर्णन असतं. प्रशिक्षित परीक्षक खऱ्या उमेदवारांची पुष्कळ उत्तरं ऐकून या मोजपट्टीवर गुण देतात. त्या गुणांवरून सॉफ्टवेअर शिकतं आणि नव्या उत्तराला परीक्षकाने किती गुण दिले असते याचा अंदाज बांधतं. प्रत्येक यंत्रणेचे तपशील वेगळे असले तरी चांगल्या प्रकारे बांधलेल्या यंत्रणांचा सांगाडा साधारण हाच असतो.

म्हणूनच शब्द पेरण्याचा सल्ला अर्धाच कामाचा आहे. जाहिरातीतला शब्द तुमच्या उत्तरात यावा, पण एखाद्या कृतीला जोडून यावा. 'मी टीम प्लेअर आहे, माझं संवादकौशल्य उत्तम आहे' या वाक्यात परीक्षकाला गुण देण्यासारखं काहीच नसतं. मग परीक्षकाच्या गुणांवरून शिकलेल्या सॉफ्टवेअरलाही ते नसतं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा प्रश्न आला, 'सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलं?' तुमची मुलाखत इंग्रजीत असली तरी उत्तराची बांधणी इथे मराठीतच दाखवतो. बरेच जण असं बोलतात:

'आमच्या ऑफिसमध्ये दहा-बारा जण होते. सेल्सची टीम वेगळी आणि माल पाठवणारी टीम वेगळी. ऑर्डर फोनवरून यायच्या, कधी मेलवरून यायच्या, कामाचा ताण खूप असायचा. त्यामुळे कधीकधी मतभेद व्हायचे. पण आमच्यात संवाद चांगला होता. आम्ही एकत्र बसलो, बोललो आणि मार्ग काढला. मी नेहमी दुसऱ्याची बाजू समजून घेते. त्यानंतर सगळं सुरळीत झालं.'

यात खोटं काही नाही. ऐकायलाही ठीक वाटतं. पण यात मतभेद कशावरून होता ते कळत नाही, तुम्ही काय केलंत ते कळत नाही, आणि सुरळीत झालं म्हणजे काय झालं तेही कळत नाही. अर्धा वेळ ऑफिसच्या वर्णनात गेला. आता तोच प्रसंग असा सांगा:

'मी ऑर्डर डेस्कवर होते. मालाची गाडी पाच वाजता सुटायची आणि आमचा एक विक्री प्रतिनिधी चारनंतरही ऑर्डर घ्यायचा. त्या घाईत चुकीचा माल जायचा. माझं म्हणणं होतं, चारनंतर ऑर्डर बंद करा. त्याचं म्हणणं होतं, ग्राहक तुटतील. मी आधीच्या दोन आठवड्यांतल्या उशिराच्या ऑर्डरची यादी काढली. चाळीसपैकी पंधरा चुकल्या होत्या. ती यादी घेऊन मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, ग्राहक इतक्या उशिरा फोन का करतात? तेव्हा कळलं की त्यांचा साठा मोजून होतोच साडेचारला. चारची अट त्यांना जमणारी नव्हती, हे मी मान्य केलं. मग मी सुचवलं की उशिराची ऑर्डर वेगळ्या कागदावर घेऊ, फोन ठेवण्याआधी ग्राहकाला वाचून दाखवू, आणि तातडीची नसेल ती सकाळच्या पहिल्या गाडीने पाठवू. दोन आठवडे करून पाहिलं. अडतीसपैकी चारच चुकल्या. पुढे तीच पद्धत कायम झाली.'

सावकाश म्हटलं तर हे सव्वा ते दीड मिनिटाचं उत्तर आहे. सहकार्याच्या मोजपट्टीवर खालच्या पायरीला सहसा दोष देणं किंवा विषय टाळणं असतं. मधल्या पायरीला शांतपणे बोलणं. वरच्या पायरीला समोरच्याचं कारण शोधणं, त्यामुळे आपलं मत बदलणं, दोघांना चालेल असा मार्ग सुचवणं आणि तो चालला का हे तपासणं. दुसऱ्या उत्तरात या चारही गोष्टींसाठी एकेक सुटं वाक्य आहे. 'मी समजून घेते' असं सांगण्याऐवजी 'ग्राहक इतक्या उशिरा फोन का करतात' हा विचारलेला प्रश्नच उत्तरात आला आहे.

'मी' आणि 'आम्ही' यांकडेही बघा. आपल्याला 'मी मी' करणं अवघड जातं, म्हणून आपण केलेलं कामही 'आम्ही केलं' म्हणून सांगतो. प्रत्यक्ष मुलाखतीत समोरचा विचारतो, 'यात तुमचा वाटा काय?' इथे तो उपप्रश्न विचारायला कोणी नाही. त्यामुळे जे स्वतः केलं तिथे 'मी' आणि जे खरोखर सगळ्यांनी केलं तिथे 'आम्ही', असं नेमकं बोला. खरं तर एकतर्फी मुलाखतीची मोठी अडचण हीच आहे. समोरचा माणूस जे खोदून काढतो ते सगळं तुम्हाला आपणहून सांगावं लागतं. सरावाच्या वेळी प्रत्येक उत्तरानंतर स्वतःला तीन उपप्रश्न विचारा: 'म्हणजे नेमकं काय केलं?', 'का केलं?', 'मग काय झालं?' यांपैकी एखाद्याचं उत्तर आधीच दिलेलं नसेल, तर ते वाक्य उत्तरात घाला.

बोललेलं आणि उतरलेलं

आता आपण ज्या टप्प्यावर बहुतेक जण काहीच तयारी करत नाहीत तिथे येऊ. हेच उत्तर तुम्ही इंग्रजीत दिलंत आणि 'फिफ्टीन आउट ऑफ फॉर्टी' म्हणालात. शेवटचा 'न' जरा गिळला गेला तर मजकुरात 'फिफ्टी आउट ऑफ फॉर्टी' उतरतं, म्हणजे चाळीसपैकी पन्नास. 'फोर ऑर्डर्स' मधला चार हा आकडा 'साठी' या अर्थाचा 'फॉर' होऊन बसतो. सर्वांत घातक जोडी 'कॅन' आणि 'कान्ट' यांची. शेवटचा 'ट' ऐकू आला नाही की नकाराचा होकार होतो. माणूस संदर्भाने सावरून घेतो. सॉफ्टवेअरही काही वेळा घेतं, पण त्यावर विसंबू नका.

यावर उपाय साधे आहेत. नकार आखडून बोलू नका, 'कान्ट' ऐवजी 'कॅनॉट' आणि 'डिडन्ट' ऐवजी 'डिड नॉट' म्हणा. महत्त्वाचा आकडा दोन प्रकारे सांगा: 'फिफ्टीन आउट ऑफ फॉर्टी, मोअर दॅन वन थर्ड'. एक चुकीचा उतरला तरी दुसरा अर्थ धरून ठेवतो. माणसांची, गावांची, अंतर्गत प्रकल्पांची नावं टाळा, कारण अनोळखी नाव जवळच्या इंग्रजी शब्दासारखं उतरतं आणि अख्खं वाक्य बिघडवतं. 'माझे वरिष्ठ', 'एक मोठा ग्राहक' एवढं पुरतं. तुमच्या कामातलं संक्षेपाक्षर पहिल्यांदा पूर्ण नावाने घ्या. इंग्रजी बोलताना मध्येच मराठी शब्द येत असेल तर त्याच्यावर खास लक्ष ठेवा. एकाच भाषेसाठी लावलेलं सॉफ्टवेअर 'म्हणजे' या शब्दाचंही काहीतरी इंग्रजी करून टाकतं.

उच्चारांच्या लकबीचा परिणाम होतो का? होतो, आणि तो तुमचा दोष नाही. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या अमेरिकी वक्त्यांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकले, तर कृष्णवर्णीय अमेरिकी वक्त्यांच्या बोलण्यात ३५ टक्के. दोन्ही गटांची मातृभाषा इंग्रजीच होती. पुढच्या काळात या यंत्रणा सुधारल्या आहेत, पण ज्या धाटणीचं बोलणं त्यांनी कमी ऐकलेलं असतं तिथे त्या जास्त चुकतात, हे मूळ कारण तसंच आहे. म्हणून परक्या धाटणीत बोलायचा प्रयत्न करू नका. ओढूनताणून आणलेल्या उच्चाराने शब्द आणखी अस्पष्ट होतात. फक्त वेग थोडा कमी करा आणि वाक्याचा शेवट पूर्ण आवाजात करा. आपण बरेचदा वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतो आणि इंग्रजीत कामाची माहिती नेमकी तिथेच असते. मिनिटाला साधारण १२० ते १४० इंग्रजी शब्द हा वेग बरा. दीड मिनिटात ते १८० ते २१० शब्द होतात.

याची चाचणी घरीच होते. मोबाइलवर दीड मिनिटाचं उत्तर रेकॉर्ड करा. मग ते मोबाइलच्या किंवा संगणकाच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीला ऐकवा, किंवा कॅप्शन आपोआप दाखवणारं कुठलंही साधन वापरा. आलेला मजकूर कॉपी करून ठेवा आणि अर्ध्या तासाने, रेकॉर्डिंग न ऐकता, नुसता वाचा. तो वाचून एखाद्या अनोळखी माणसाला प्रसंग कळेल का? सगळे चुकलेले शब्द मोजत बसू नका. क्रियापदं, नकार, आकडे आणि कामातले खास शब्द एवढेच तपासा. यांत तीनपेक्षा जास्त चुका दिसल्या तर आधी मायक्रोफोन तपासा, मग बोलणं. तुमची कंपनी वेगळं सॉफ्टवेअर वापरत असेल, त्यामुळे नेमक्या ह्याच चुका तिथे होतील असं नाही. पण जे शब्द इथे अडखळतात, ते तिथेही अडखळायची शक्यता जास्त.

'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' याची फार धास्ती घेऊ नका. 'अं' सारखे आवाज अनेक यंत्रणा मजकुरातून गाळूनच टाकतात. मात्र अर्धं वाक्य सोडून दुसरं सुरू करण्याची सवय त्रास देते, कारण मजकुरात दोन तुटक्या वाक्यांचा गोळा दिसतो. वाक्य चुकलं तर एक क्षण थांबा आणि तेच वाक्य पहिल्यापासून पूर्ण म्हणा.

मायक्रोफोन आणि खोली

कॅमेऱ्याच्या दर्जापेक्षा मायक्रोफोनचं तोंडापासूनचं अंतर कितीतरी महत्त्वाचं आहे. लॅपटॉपचा मायक्रोफोन तोंडापासून हातभर लांब असतो आणि तुमच्या आवाजाबरोबर पंखा, भिंतींवरून परतणारा आवाज, टेबलावरचा हात हे सगळं उचलतो. साधा वायरचा इअरफोन बहुतेक वेळा जास्त चांगलं काम करतो. त्याचा मायक्रोफोन हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर राहील आणि कॉलर, ओढणी किंवा केसांना घासणार नाही असा अडकवा. घासल्याचा आवाज तुम्हाला बोलताना कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र खरखर येते आणि तिच्याखालचे शब्द जातात.

ब्लूटूथ इअरफोन शक्यतो टाळा. गाणी ऐकताना त्यांचा आवाज छान असतो, पण मायक्रोफोन सुरू झाला की अनेक इअरफोन कमी दर्जाच्या जोडणीवर जातात आणि स, श, फ, थ यांतला फरक पुसट होतो. ऐन वेळी चार्जिंग संपण्याचा किंवा जोडणी मोबाइलकडे पळण्याचा धोका वेगळाच.

खोली लहान आणि भरलेली असावी. पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. रिकाम्या, फरशी असलेल्या मोठ्या खोलीत घुमतो. एकदा जोरात टाळी वाजवून बघा. टाळीमागे शेपूट ऐकू आली तर खोली बदला. पंखा बंद ठेवता येत नसेल तर निदान त्याची हवा मायक्रोफोनवर येणार नाही असं बसा.

तीस सेकंदांत काय करायचं

त्या अर्ध्या मिनिटात उत्तर रचता येत नाही, फक्त निवडता येतं. म्हणून प्रसंग आधीच तयार हवेत. जाहिरातीत कामाचं जे वर्णन आहे त्यातली क्रियापदं काढा: ग्राहकांना सांभाळणं, मुदत पाळणं, चुका शोधणं, नवं शिकणं. त्यांच्यासाठी तुमच्या आयुष्यातले सहा खरे प्रसंग निवडा. नोकरीचा अनुभव नसेल तर अभ्यासातला गटप्रकल्प, स्वयंसेवेचं काम, घरच्या व्यवसायात केलेली मदत, काहीही चालतं. एक प्रसंग दोन-तीन प्रश्नांना लागू पडतो. वरचा ऑर्डरचा प्रसंग मतभेदाला चालेल, अडचण सोडवण्याला चालेल आणि 'तुमचं मत बदललं असा प्रसंग' यालाही चालेल. फक्त सुरुवातीचं वाक्य आणि भर बदलावा लागतो.

उत्तरं पाठ करू नका आणि वाचूनही दाखवू नका. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची डावी-उजवी हालचाल पाहणाऱ्याला लगेच कळते. काही यंत्रणा तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेलात याचीही नोंद ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे पाठ केलेलं उत्तर विचारलेल्या प्रश्नाला नेमकं बसत नाही आणि ते ओढून बसवलेलं मजकुरात स्पष्ट दिसतं. प्रत्येक प्रसंगासाठी कागदावर पाचच शब्द लिहा: प्रसंगाचं नाव, तीन क्रियापदं आणि एक आकडा. वरच्यासाठी ते असे होतील: 'उशिराच्या ऑर्डर; यादी, विचारलं, सुचवलं; १५ वरून ४'. कागद कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवा.

तीस सेकंद सुरू झाले की प्रश्न दोनदा वाचा. त्यात दोन भाग आहेत का ते बघा. 'काय केलं आणि काय शिकलात' असं असेल तर दुसरा भाग हमखास राहून जातो. मग प्रसंग निवडा आणि पहिलं वाक्य मनात म्हणा. वेळ साधारण अशी वाटा: परिस्थितीला वीस सेकंद, मतभेद किंवा अडचणीला पंधरा, तुम्ही केलेल्या कृतींना पाऊण मिनिट, निकालाला पंधरा. उरलेला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरचा वेळ मोकळा ठेवा. तो भरून काढायला पुन्हा तेच बोलू नका. पण उलट टोकही नको. वीस सेकंदांच्या उत्तरात मोजायला मजकूरच नसतो. प्रश्न अनोळखी असला तरी कोरा सोडू नका, सर्वांत जवळचा प्रसंग सांगा आणि तो या प्रश्नाशी कसा जोडला जातो हे एका वाक्यात म्हणा.

प्रत्यक्ष दिवशी

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी बसू नका. काही बिघडलं तर मदत मागायला वेळ हवा. बसण्याआधी झूम, टीम्स यांसारखं कॅमेरा धरून ठेवणारं प्रत्येक ॲप पूर्ण बंद करा. ब्राउझरला कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी द्या आणि यादीतून योग्य मायक्रोफोन निवडला आहे ना ते बघा. इअरफोन लावूनही रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या मायक्रोफोनवरून होणं, ही फार वेळा घडणारी चूक आहे. इअरफोनच्या मायक्रोफोनवर नखाने हलकं टिचकवा. पडद्यावरची आवाजाची पट्टी उडाली तर निवड बरोबर आहे. सरावाचा प्रश्न दिलेला असेल तर तो रेकॉर्ड करून पुन्हा ऐका. त्याला सहसा गुण नसतात.

रेकॉर्डिंग सुरू झाल्याची खूण दिसल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. वेळ संपली की रेकॉर्डिंग वाक्याच्या मध्येच बंद होतं, म्हणून दहा सेकंद आधी शेवटचं वाक्य संपवा. उत्तर पुन्हा द्यायची सोय काही कंपन्या ठेवतात, काही ठेवत नाहीत. ठेवली असेल तर शेवटचं उत्तर धरलं जातं की आवडीचं निवडता येतं, हे सुरू करण्याआधी वाचा. पहिल्यात प्रसंग पूर्ण आला असेल आणि फक्त एखादा शब्द अडखळला असेल, तर ते तसंच राहू द्या. दुसऱ्या प्रयत्नात माणसं बोलणं गुळगुळीत करतात आणि तपशील गाळतात. मध्येच पान अडकलं तर लगेच रीफ्रेश करू नका, कारण काही ठिकाणी तो प्रश्न दिल्यासारखा धरला जातो. पडद्याचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि मदत विभागाला त्याच तासात कळवा. शेवटचं उत्तर दिल्यावर व्हिडिओ अपलोड होत असतो. मिळाल्याची पोच पडद्यावर येईपर्यंत खिडकी बंद करू नका.

बोलताना अडखळण्याचा त्रास असेल, ऐकण्याची अडचण असेल, किंवा अशीच दुसरी कुठली गोष्ट असेल, तर जास्त वेळ किंवा माणसासमोरची मुलाखत आधी मागा. गुण पडल्यानंतर हे सांगून उपयोग कमी होतो. कायदा काय देतो हे नोकरी कुठली आहे त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २०२० पासून अशा व्हिडिओसाठी आधी सूचना, पद्धतीचा खुलासा आणि संमती आवश्यक आहे, आणि उमेदवाराने मागणी केल्यास ३० दिवसांत व्हिडिओ काढून टाकावा लागतो. न्यूयॉर्क शहरात भरतीसाठी अशी स्वयंचलित साधनं वापरणाऱ्यांनी पक्षपाताची तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला कामाचे दहा दिवस आधी कळवावं लागतं. त्याची अंमलबजावणी जुलै २०२३ पासून सुरू झाली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात भरतीचं सॉफ्टवेअर जास्त जोखमीच्या वर्गात आहे. असा कायदा तुमच्या नोकरीला लागू नसला तरी विनंती करता येतेच, आणि लेखी केलेली विनंती बऱ्याच कंपन्या मान्य करतात.

मिळालेला गुण म्हणजे तुमची पात्रता नव्हे. त्याच जागेच्या इतर उमेदवारांच्या तुलनेत तुम्हाला कुठल्या थरात ठेवलं, एवढंच तो सांगतो, आणि किती थर पुढे घ्यायचे ते कंपनी ठरवते. त्यामुळे गुण कळले तरी त्यांचा अर्थ लावण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी मुलाखत संपल्याबरोबर वही घ्या आणि कोणत्या प्रश्नाला कोणता प्रसंग सांगितला, कोणते आकडे दिले ते लिहून ठेवा. पुढच्या फेरीत समोर बसलेल्या माणसाकडे तुमचा ट्रान्सक्रिप्ट असू शकतो आणि तो त्याच उशिराच्या ऑर्डरबद्दल विचारेल. तिथे चाळीसपैकी पंधराच सांगायचे आहेत.